‘पुढील आदेशापर्यंत’ आणि एकवीस दिवस

*नमस्कार वकीलसाहेब,*

*मी नागपुरातल्या एका खासगी कंपनीत विमा दाव्यांची छाननी करते. हुद्दा सीनियर असोसिएट, पगार ३८ हजार. आम्ही १४० जण आहोत. मार्च २०२० पासून घरून काम सुरू झालं. ऑफिस उघडल्यावरही जून २०२२ मध्ये कंपनीने मेल करून ‘पुढील आदेशापर्यंत’ घरून काम मंजूर केलं आणि दरमहा १,५०० रुपये इंटरनेट-वीज भत्ता चालू केला. २०२३ मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून मी वर्ध्याला राहते. आता शुक्रवारी, ९ जानेवारीला संध्याकाळी मेल आला: सोमवारपासून पाचही दिवस ऑफिस, अंगठा लावून हजेरी, महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापणार, १ फेब्रुवारीपासून भत्ता बंद. हा सेवाशर्तीतला बदल नाही का? नोटीस न देता असं करता येतं का? सोमवारी जाऊ की नको?*

*– एक वाचक, वर्धा*

ताई, तुमचं पत्र रविवारी वाचलं आणि त्याच रात्री एका ओळीत कळवलं होतं, ‘उद्या जा, पण विरोध लेखी नोंदवून जा.’ तसं का म्हटलं, ते आता नीट लिहितो. उत्तरातला एक भाग तुम्हाला आवडणार नाही, म्हणून तोच आधी सांगून टाकतो. ऑफिसला परत बोलावणं, एवढंच धरलं तर तुमच्या बाबतीत तो बहुधा सेवाशर्तीतला बदल ठरणार नाही. पण त्या चार ओळींच्या मेलमध्ये कंपनीने बोलावण्याच्या पाठीला आणखी दोन गोष्टी बांधून पाठवल्या आहेत, आणि कंपनी अडकली तर तिथे अडकेल.

‘सेवाशर्त’ हा शब्द आपण बोलताना फार सैल वापरतो. नोकरीत जे जे रोजचं असतं ते सगळं आपल्याला सेवाशर्त वाटतं. नोटिशीच्या बाबतीत कायदा इतका सैल नाही. मालकाने कोणत्या बदलासाठी आधी नोटीस द्यायची, याची अकरा बाबींची एक यादी आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात, म्हणजे १९४७ च्या, ती चौथ्या अनुसूचीत होती आणि नोटिशीचं कलम होतं ९अ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. आता तीच यादी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि कलम आहे ४०. आकडे बदलले, मजकूर जवळजवळ तोच राहिला, त्यामुळे ९अ वरचे जुने निकाल आजही उपयोगी पडतात. यादीत वेतन आहे, भत्ते आहेत, कामाचे तास आहेत, रजा आहेत, शिस्तीचे नवे नियम आहेत. ‘कामाचं ठिकाण’ मात्र यादीत नाही.

हे तुमच्या एचआरला माहीत आहे की नाही, कोण जाणे, पण त्यांच्या वकिलाला नक्की माहीत असणार. ते म्हणतील, ठिकाण ठरवणं हा आमचा अधिकार. तुमच्या नेमणूकपत्रात नागपूरच्या ऑफिसचा पत्ता असेल आणि खाली ‘कंपनीच्या गरजेनुसार कोठेही काम करावे लागेल’ अशी ओळ असेल, तर त्या म्हणण्याला जोर येतो. ऑफिस तेच, शहर तेच, काम तेच. तुम्ही वर्ध्याला गेलात हा तुमचा निर्णय. वडिलांसाठी घेतलेला, योग्य निर्णय, पण कंपनीने सांगून घेतलेला नाही. पोर्टलवर तुम्ही वर्ध्याचा पत्ता भरला असेल आणि कंपनीने तो मंजूर केला असेल, तर तिला माहीत होतं एवढंच त्यातून सिद्ध होतं. कायम तिथेच राहू देऊ, असं वचन त्यातून निघत नाही.

मग घरून काम करण्याचा हक्क यादीत कुठून आत शिरू शकतो? फक्त आठव्या बाबीतून. तिचा मजकूर साध्या मराठीत असा: रूढीने चालत आलेली सवलत काढून घेणं, किंवा वहिवाटीत बदल करणं. सगळं भांडण ‘रूढीने’ या एका शब्दावर येऊन थांबतं. साडेतीन वर्षं चाललेली गोष्ट रूढी झाली का?

इथे एक जुना निकाल हाताशी धरावा. ग्रॅहम ट्रेडिंग कंपनीचा, सर्वोच्च न्यायालयाचा, १९५९ चा. वाद होता दुर्गापूजेच्या बोनसचा. दरवर्षी मिळणारा बोनस रूढीचा कधी म्हणायचा, याच्या कसोट्या न्यायालयाने त्यात सांगितल्या: खंड न पडता मिळत आलेला असावा, पुरेशी वर्षं मिळालेला असावा, दर सारखा असावा, आणि कंपनीला तोटा झाला त्या वर्षीही मिळालेला असावा. निकाल बोनसचा आहे, घरून काम करण्याचा नाही, हे कबूल. पण शेवटच्या कसोटीमागचा विचार इथे अगदी बसतो. नफा झाला म्हणून दिलं आणि नफा नसतानाही दिलं, यात फरक आहे. जी गोष्ट एखाद्या कारणाला टांगलेली असते ती त्या कारणाबरोबर जाते. कारण संपल्यावरही जी चालू राहते, ती हळूहळू स्वतःच्या पायावर उभी राहते.

आता तुमची वर्षं या कसोटीला लावून बघा. मार्च २०२० पासून ऑफिस उघडेपर्यंतचा काळ बाजूलाच ठेवा. तो टाळेबंदीला टांगलेला होता, त्या काळाचं कोणी काही देणं लागत नाही. खरा हिशेब जून २०२२ पासून. साथ ओसरली होती, ऑफिस उघडलं होतं, तरीही कंपनीने आपणहून, लेखी, सगळ्यांना मंजुरी दिली आणि वर भत्ताही दिला. ही तुमची सगळ्यात भक्कम बाजू. तुम्हाला कोणी ‘कोविडची सवलत होती, संपली’ असं म्हणालं, तर हाच मेल पुढे करा.

पण त्याच मेलमध्ये ते दोन शब्दही आहेत: ‘पुढील आदेशापर्यंत’. मी चाळीस वर्षं नागपूरच्या कामगार न्यायालयाच्या पायऱ्या चढतोय, हे दोन शब्द मला कधीच आवडलेले नाहीत. देणाऱ्याने देतानाच सांगून ठेवलं की ही गोष्ट परत घेईन. अशी चीज रूढी झाली हे दाखवायला साडेतीन वर्षं कमी पडतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. दहा वर्षं झाली असती, मध्ये दोन एचआर बदलून गेले असते, ऑफिसात तुमच्या नावाची खुर्चीच उरली नसती, तर मी वेगळं लिहिलं असतं. मंजुरीत मुदतच नसती तरी वेगळं लिहिलं असतं.

तुमच्या टीममध्ये एखादा असा असेल, जो २०२३ मध्ये लागला आणि ज्याच्या नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण म्हणून त्याच्या घरचाच पत्ता आहे, तर त्याचं प्रकरण तुमच्याहून वेगळं. त्याला सवलत मिळालेलीच नाही, त्याचा करारच तसा आहे. त्याला बोलावणं म्हणजे करार एकतर्फी बदलणं. त्याने तुमच्याबरोबर सामूहिक अर्जावर सही जरूर करावी, पण मुद्दा स्वतंत्र लिहावा. दोघांचं एकात कालवलंत तर त्याची मजबूत बाजू तुमच्या कच्च्या बाजूने पातळ होईल.

उलट गाठ मिहानच्या सेझमधल्या कंपन्यांची. तिथली मंडळी मला विचारतात, आम्हाला तर सरकारनेच परवानगी दिली होती ना? दिली होती, पण मुदतीची. जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत ४३अ हा नियम आला, तेव्हा निम्म्यापर्यंत कर्मचाऱ्यांना एका वर्षापुरती मुभा होती. डिसेंबरात ती सगळ्यांपर्यंत वाढली, तीही तारीख घालूनच. कायद्यानेच ज्या मंजुरीला शेवटची तारीख घातली, तिला रूढी म्हणून उभं करणं आणखी अवघड. तुमची कंपनी सेझमध्ये नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

आता भत्त्याकडे येऊ. यादीतली तिसरी बाब आहे ‘भरपाई भत्ते आणि इतर भत्ते’. इथे रूढी वगैरे सिद्ध करावी लागत नाही. भत्ता होता, तो बंद झाला, तुमचं नुकसान झालं, एवढं पुरतं. कंपनी म्हणेल, तो भत्ता नव्हताच, खर्चाची परतफेड होती. घरी काम नाही, तर खर्च नाही, तर परतफेड नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. पण तो भत्ता होता की परतफेड, हे तोंडी वादावर ठरत नाही, ते तुमच्या पगारपत्रिकेत दिसतं.

पगारपत्रिका काढा आणि तीन गोष्टी बघा. एक, १,५०० ची ओळ मिळकतीच्या रकान्यात आहे, की खाली ‘परतफेड’ म्हणून वेगळी आहे. दोन, त्यासाठी तुम्ही कधी इंटरनेटचं किंवा विजेचं बिल जोडलं होतं का. बिल न मागता दरमहा तीच गोल रक्कम येत असेल, तर तिला परतफेड म्हणणं कठीण आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मधल्या काळात कधी तुम्हाला प्रशिक्षणासाठी किंवा वर्षअखेरीच्या कामासाठी आठ-दहा दिवस ऑफिसला बोलावलं होतं का? त्या महिन्यात भत्ता पूर्ण आला की कापून आला? पूर्ण आला असेल, तर तो घरच्या खर्चाला टांगलेला नव्हता हे कंपनीनेच दाखवून दिलं. वरची पूजा बोनसची कसोटी आठवा, तोट्याच्या वर्षीचा बोनस म्हणजे तुमच्या प्रशिक्षणाच्या महिन्यातला भत्ता. कापून आला असेल, तर तुमची ही बाजूही लंगडी होते, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं.

लेट मार्कचं बोलू. नववी बाब: शिस्तीचे नवे नियम आणणं किंवा जुने बदलणं. अंगठा लावण्यावर फार वाद घालू नका. हजेरी कशी घ्यायची, वहीत की यंत्रावर, यावर न्यायालयाचा वेळ घालवण्यात अर्थ नाही. पण तीन उशिरांना अर्धी रजा ही शिक्षा आहे, आणि ती रजेला, म्हणजे पाचव्या बाबीलाही, हात लावते. इथे प्रश्न एकच: हा नियम २०२० च्या आधी होता का? कंपनीच्या जुन्या नियमपुस्तिकेत तो शब्दशः असेल, तर कंपनी म्हणेल की नियम नवा नाही, तुम्ही घरी असताना तो नुसता पडून होता. नसेल, तर नियम नवा, आणि नोटिशीशिवाय आणलेला. म्हणून ती जुनी पुस्तिका शोधणं हे या आठवड्यातलं पहिलं काम.

आता मजेचा भाग, तारखांचा. कलम ४० म्हणतं, बदलाचं स्वरूप सांगणारी नोटीस ठरलेल्या पद्धतीने द्या आणि ती दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल करू नका. मेल आला ९ जानेवारीला. त्यात २१ मिळवले की ३० जानेवारी येतो. म्हणजे तो मेल हीच नोटीस मानली, तर बदल ३१ जानेवारीपासून करता येतो. लेट मार्क लागू झाला १२ जानेवारीला, तिसऱ्याच दिवशी. तो सरळ सापडतो. पण भत्ता बंद होणार १ फेब्रुवारीला! कंपनीच्या वकिलाला हे सुचलं तर तो म्हणेल, भत्त्यापुरती नोटीस आम्ही ९ तारखेलाच दिली होती, २१ दिवस उलटून गेले आणि मगच बंद केला. ती तारीख मुद्दाम निवडली की पगाराच्या सोयीने पडली, ते त्यांनाच ठाऊक. तुमचं उत्तर असं असेल की ती नोटीस नव्हती, नुसता हुकूम होता. ठरलेला नमुना नाही, ‘बदल करण्याचा मानस आहे’ असं कुठे नाही, झालेला निर्णय कळवलाय.

हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण नोटीस कशासाठी असते हे पाहिलं की तो पटतो. टाटा आयर्न अँड स्टीलच्या १९७२ च्या निकालात साप्ताहिक सुट्टी रविवारवरून दुसऱ्या वारांवर नेली होती. पगार तोच, सुट्ट्या तेवढ्याच. तरी सर्वोच्च न्यायालयाने नोटीस हवीच होती असं म्हटलं, कारण कामगारांना बदलाचा परिणाम तपासायला आणि आपलं म्हणणं मांडायला वेळ मिळावा, हाच तिचा हेतू. आणि आपल्या नागपूरचंच उदाहरण हवं असेल तर लोकमत वृत्तपत्राचा खटला आहे. खिळे जुळवून मजकूर उभा करायची जुनी पद्धत जाऊन फोटो कंपोझिंग आलं, कंपोझिंग विभागातल्या माणसांना कपातीची झळ लागली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नोटीस बदल आणण्याच्या आधी द्यायची असते, आणल्यानंतर नाही. हे दोन निकाल अर्जात नोंदवाच.

दुसऱ्या बाजूला हिंदुस्तान लिव्हरचा १९७३ चा निकालही लक्षात ठेवा. कामाच्या फेररचनेने कामगारांचं प्रत्यक्ष नुकसान होत नसेल तर नोटिशीचा आग्रह धरता येत नाही, असा त्याचा रोख आहे. म्हणून अर्जात ‘अन्याय’, ‘मनमानी’ असले शब्द नकोत. नुकसान रुपयांत आणि रजेच्या दिवसांत लिहा: महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये, आणि तीन लेट मार्कला अर्धी रजा.

हे सगळं ज्या पायावर उभं आहे तो तपासायचा राहिला: तुम्ही कायद्याच्या भाषेत ‘कामगार’ आहात का? नसाल तर कलम ४० तुमच्यासाठी नाहीच. व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय काम करणारे बाहेर, आणि देखरेखीचं काम करून महिना १८,००० च्या वर घेणारेही बाहेर. तुमचा पगार ३८ हजार, त्यामुळे कंपनी तुम्हाला ‘देखरेख करणारी’ ठरवायला बघेल. ‘सीनियर’ या शब्दाला भुलू नका आणि घाबरूही नका, हुद्द्याला किंमत नाही, मुख्य काम काय याला आहे. दिवसभर तुम्ही स्वतः दाव्यांचे कागद तपासत असाल, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि बिलं जुळवत असाल, तर ते कारकुनी-तांत्रिक काम, आणि त्याला पगाराची मर्यादा नाही. दोन नव्या मुलींना काम शिकवता म्हणून तुम्ही व्यवस्थापक होत नाही. त्यांच्या रजा मंजूर करता, वर्षाचं मूल्यमापन लिहिता, कोणाला काढायचं ठरवता, तर मात्र चित्र पालटतं. मागच्या महिन्यातला एखादा साधा दिवस निवडा आणि सकाळपासून काय काय केलंत ते तासागणिक कागदावर लिहून बघा. उत्तर त्यातच मिळेल.

आता सोमवारी ‘जा’ असं का म्हटलं. मागे एका कंपनीतला मुलगा माझ्याकडे आला होता. त्याचं म्हणणं कायद्याने तुमच्यापेक्षा बरं होतं, नेमणूकपत्रातच घरचा पत्ता होता. पण ‘हुकूमच बेकायदेशीर, मी का जाऊ’ म्हणून तो अकरा दिवस घरीच बसला. कंपनीने ठिकाणाच्या वादाला हातच घातला नाही. गैरहजेरीचं आरोपपत्र दिलं, चौकशी लावली, पगार थांबवला. पुढची दीड वर्षं आम्ही ठिकाणाबद्दल बोलू शकलो नाही, त्या अकरा दिवसांबद्दलच बोलत राहिलो. वर्ध्याहून रोज अप-डाउन करणारे शेकडो लोक आहेत, तुम्हालाही काही आठवडे ते करावं लागेल. अंतर जाता-येता दीडशे किलोमीटर आहे आणि घरी आजारी माणूस आहे, हे मला दिसतंय. तरीही जा.

विरोधाचा मेल लांब नको. असा पुरे: ‘दिनांक ९ जानेवारीच्या मेलनुसार मी आजपासून कार्यालयात रुजू होत आहे. भत्ता बंद करणे व लेट मार्कसाठी रजा कापणे हे बदल कलम ४० खालील नोटीस न देता केलेले असून ते मला मान्य नाहीत. माझे हक्क राखून, विरोध नोंदवून मी काम करीत आहे. जून २०२२ च्या मंजुरीची व लागू असलेल्या नियमपुस्तिकेची प्रत मिळावी.’ इंग्रजीत पाठवलात तरी चालेल, पण यापेक्षा वाढवू नका.

त्यानंतर तक्रार निवारण समिती. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे ती असायलाच हवी, मालकाचे आणि कामगारांचे समसमान सदस्य, जास्तीत जास्त दहा. तुमच्याकडे ती नुसती कागदावर असेल, तर अर्ज टाकल्यावर ते उघडं पडेल. कारण घडल्यापासून वर्षभरात अर्ज करता येतो, समितीने तीस दिवसांत काम संपवायचं असतं. तिथे समाधान झालं नाही तर साठ दिवसांच्या आत समेट अधिकाऱ्याकडे जायचं. पण तो अर्ज तुम्ही ज्या संघटनेच्या सभासद असाल तिच्यामार्फत करायचा आहे. तुमच्यासारख्या कंपन्यांत संघटना नसते, आणि गाडी नेमकी इथे अडते. म्हणून आत्ताच सहकाऱ्यांशी बोला. १४० पैकी चाळीस-पन्नास सह्या असलेला अर्ज आणि एकटीचा अर्ज, यात समेट अधिकाऱ्याच्या टेबलावर फार फरक पडतो.

यातून हाती काय लागेल, तेही सांगतो. नोटीस न दिल्यामुळे रजा कापणं टिकलं नाही, तर कापलेल्या रजा परत मिळतील. भत्त्याचं तुमच्या त्या प्रशिक्षणाच्या महिन्यावर ठरेल. पण कंपनी उद्या उठून व्यवस्थित नोटीस देऊ शकते आणि बाविसाव्या दिवशी तेच सगळं पुन्हा लागू करू शकते. नोटिशीने बदल थांबत नाही, बोलायला एकवीस दिवस मिळतात. त्या दिवसांत तुमच्याकडून वाद दाखल झाला आणि समेटाची कार्यवाही सुरू असली, तर त्याच विषयात तुमच्या नुकसानीचा बदल करायला कंपनीला परवानगी घ्यावी लागते. तुमची ताकद त्या खिडकीत आहे. आणि ती खिडकी उघडी असतानाच वडिलांचा मुद्दा मांडा, हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून: आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, तीन घरून, सहा महिन्यांसाठी, सोबत डॉक्टरांचे कागद. नोटिशीचा घोळ निस्तरायचा असेल तर कंपनीला तुमच्याशी कुठेतरी तडजोड करावीशी वाटेल, आणि तुम्हाला खरी गरज त्या तीन दिवसांची आहे.

एक काम मात्र आजच करा. जून २०२२ चा मेल, सगळ्या पगारपत्रिका आणि हजेरीच्या नोंदी कंपनीच्या पोर्टलवर आहेत, म्हणजे कंपनीच्या हातात आहेत. तुमच्या स्वतःच्या पगारपत्रिका जून २०२२ पासून एकेक करून उतरवा आणि छापून घरी ठेवा. ग्राहकांच्या दाव्यांचा एकही कागद त्यात येऊ देऊ नका, नाहीतर गोपनीयतेचं दुसरंच लफडं गळ्यात पडेल. ती प्रशिक्षणाच्या महिन्याची पगारपत्रिका सापडली की मला कळवा, १,५०० ची ओळ नेमकी कशी छापली आहे ते मला बघायचं आहे.